बोटीवरचे महिने, किनाऱ्यावरचा हिशेब

(प्रस्तावना)

बाळकुम नाक्यावरून जुन्या आग्रा रोडने कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीची गोदामं सुरू होतात. न्हावा शेव्याहून निघालेले कंटेनर तिथे रिकामे होतात आणि त्यातला माल पुढे देशभर जातो. खाडीच्या अलीकडे आमच्या इमारतींत मात्र तोच माल समुद्रावरून आणणारी माणसं राहतात. चार-सहा महिने बोटीवर, मग दोन-तीन महिने घरी, मग पुन्हा बोट. पंधरा-वीस वर्षांनी त्यांतल्या बहुतेकांच्या घरात एकच विषय निघतो, आता किनाऱ्यावर यायचं का?

ही पुस्तिका त्या प्रश्नाच्या पुढच्या टप्प्याबद्दल आहे. यायचं ठरलं, अर्ज पाठवले, पण समोरच्याला आपण काय करत होतो ते कळतच नाही. सी-टाइम, जहाजाचा प्रकार आणि कमांड या तीन शब्दांवर बोटीवरच्या अधिकाऱ्याची सगळी किंमत ठरते. किनाऱ्यावरच्या कचेरीत या शब्दांना अर्थ नसतो. तो अर्थ कागदावर कसा आणायचा, एवढंच इथे सांगायचं आहे.

पुस्तिकेचं मूळ एका संध्याकाळच्या बैठकीत आहे. आमच्याच संकुलातला एक चीफ ऑफिसर स्वतःचा सीव्ही घेऊन माझ्याकडे आला होता. २००९ साली कॅडेट म्हणून लागलेला, मास्टरची परीक्षा उत्तीर्ण झालेला, बल्क कॅरियरवर मुरलेला. वडिलांचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि त्याला आता घर सोडायचं नव्हतं. वीसेक अर्ज करून झाले होते. दोन फोन आले, दोन्ही पुन्हा बोटीवर जाण्यासाठी. सीव्ही सात पानांचा होता. पहिल्या दोन पानांवर एसटीसीडब्ल्यूच्या कोर्सची यादी, पुढच्या तीन पानांवर चौदा जहाजांचा तक्ता, उरलेल्या दोन पानांवर ड्युटीज.

त्याच्याबरोबर त्याचे दाजी आले होते. ते भिवंडीत एका मोठ्या गोदामात साठ्याचा हिशेब सांभाळतात. मी सीव्ही वाचत असताना त्यांनीही एक प्रत उचलली आणि वाचून अगदी सरळ मनाने तीन प्रश्न विचारले.

"तू पंधरा वर्षं बोटीवर आहेस ना? मग इथे ब्याण्णव महिने का लिहिलंयस? बाकीची सात वर्षं घरी होतास का?"

"इथे जहाज बत्तीस हजार टनांचं आहे आणि शेजारच्या रकान्यात सत्तावन्न हजार. खरं वजन कोणतं?"

"आणि हे सगळं ठीक, पण तुझ्या हातून काय चुकलं असतं तर कोणाचं किती नुकसान झालं असतं, ते कुठे लिहिलंयस?"

नोकरी देणाऱ्याच्या मनातही नेमके हेच प्रश्न येतात. फरक इतकाच की तो ते विचारत नाही, कागद बाजूला ठेवतो. आम्ही त्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहायला बसलो आणि त्यातून ही पुस्तिका तयार झाली. प्रस्तावनेतही मी त्याच क्रमाने जातो.

पहिला प्रश्न काळाचा. आमच्याकडे सी-टाइम दिवसांत मोजतात. सीडीसीच्या पानावर साइन-ऑन आणि साइन-ऑफ या दोन तारखा असतात आणि त्यांच्यामधले दिवस म्हणजे सी-टाइम. हा हिशेब परीक्षेसाठी आहे. पुढच्या सीओसीला बसायची पात्रता त्या दिवसांवर ठरते. म्हणून आम्हाला वर्षानुवर्षं सवय लागते की जे जहाजावर काढलं तेवढंच खरं. किनाऱ्यावरचा माणूस असं मोजत नाही. त्याच्या नोकरीत शनिवार-रविवार, दिवाळी, आजारपण, सगळं धरून वर्ष होतं. त्याच्या दृष्टीने या गृहस्थाचा अनुभव २००९ पासूनचा, म्हणजे पंधरा वर्षांचा आहे, आणि तो बरोबर आहे. सुट्टी आणि परीक्षेचे महिने हे या व्यवसायाचाच भाग आहेत.

म्हणून आम्ही एका ओळीत तीन आकडे लिहिले: या व्यवसायात पंधरा वर्षं, त्यांतले ब्याण्णव महिने प्रत्यक्ष जहाजावर, आणि त्यांतले शेवटचे एकेचाळीस महिने चीफ ऑफिसर म्हणून. पहिला आकडा अनुभव सांगतो, दुसरा कामाची घनता आणि तिसरा सध्याची पातळी. एकटा ब्याण्णव लिहिला तर माणूस निम्मा दिसतो. एकटे पंधरा लिहिले तर सीडीसी तपासणाऱ्याला फुगवलेलं वाटतं.

यापेक्षा मोठी अडचण तक्त्याने केली होती. चौदा जहाजं, चौदा करार. प्रत्येक करारानंतर दोन-चार महिने मोकळे, परीक्षा असेल तेव्हा त्याहून जास्त. बोटीवरच्या माणसाला यात काही विशेष दिसत नाही. मनुष्यबळ विभागातल्या मुलीला मात्र पंधरा वर्षांत चौदा नोकऱ्या आणि तेरा वेळा बेकारी दिसते. खरी गोष्ट अशी होती की ती चौदा जहाजं तीनच कंपन्यांची होती आणि शेवटच्या कंपनीत तो नऊ वर्षं टिकून होता. म्हणून तक्ता कंपनीप्रमाणे बांधला. वर कंपनी आणि वर्षं, त्याखाली हुद्दा कधी वाढला ते, आणि जहाजांची नावं शेवटच्या पुरवणीत. नऊ वर्षं एकाच ठिकाणी, त्या काळात सेकंड ऑफिसरपासून चीफ ऑफिसरपर्यंत बढती, हे वाचायला कोणालाही बोटीची भाषा लागत नाही.

हुद्द्यांचंही स्पष्टीकरण हवं. सेकंड इंजिनिअर म्हटलं की किनाऱ्यावर कोणीतरी दुय्यम, नवशिका माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात तो चीफ इंजिनिअरनंतरचा इंजिनरूममधला सर्वांत वरिष्ठ अधिकारी आणि रोजच्या देखभालीचा प्रमुख असतो. चीफ ऑफिसर म्हणजे मास्टरनंतर जहाजाची सूत्रं हाती घेणारा, मालाचा आणि डेकचा प्रमुख. हुद्द्यापुढे असं अर्ध्या ओळीचं वाक्य जोडलं की काम होतं. मर्चंट नेव्ही म्हणजे नौदल नव्हे, हेही पहिल्याच ओळीत कळू द्यावं. अनेक मुलाखतींची पहिली पाच मिनिटं त्या गैरसमजात जातात.

काळाच्या प्रश्नाचं शेवटचं टोक पडताळणीत आहे आणि तिथे चांगली जमलेली नोकरी अडकलेली मी पाहिली आहे. किनाऱ्यावरची कंपनी मागच्या नोकरीचा फॉर्म १६, पगारपत्रकं आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागते. परदेशी झेंड्याच्या जहाजावर काम केलेल्या माणसाकडे यांतलं बहुधा काहीच नसतं. जहाजाचा मालक परदेशात, करारावर सही मुंबईतल्या आरपीएसएल परवाना असलेल्या कचेरीची, पगार एनआरई खात्यात. अशा वेळी चार कागद एकत्र ठेवावेत: रोजगार करार, बोटीवरून उतरताना मिळालेला वेतनाचा हिशेब, त्या रकमा जमा झाल्याचं बँकेचं विवरण आणि सीडीसीची पानं. चारही कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळल्या की फॉर्म १६ची जागा भरून निघते. सीव्हीवर कंपनीचं नाव मात्र करारावर सही करणाऱ्या कचेरीचंही लिहावं, कारण पडताळणी करणारा फोन तिथेच करणार. नुसतं परदेशी मालकाचं नाव लिहिलं तर "अशी व्यक्ती आमच्याकडे नव्हती" असं उत्तर येऊ शकतं, आणि माणूस खरं बोलत असूनही खोटा ठरतो.

दुसरा प्रश्न जहाजाचा. दाजींनी विचारलेल्या दोन टनांचं उत्तर सोपं आहे, पण आम्ही ते कधी कोणाला देत नाही. ग्रॉस टनेज हे वजन नाहीच. जहाजाच्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेला तो आकडा आहे आणि नियम, शुल्क, परवाने त्यावर ठरतात. डेडवेट म्हणजे जहाज जे वजन उचलू शकतं ते, त्यात माल, इंधन, पाणी, सगळं आलं. सीओसीच्या दृष्टीने पहिला महत्त्वाचा, धंद्याच्या दृष्टीने दुसरा. किनाऱ्यावर जाणाऱ्या कागदावर एकच लिहावा, डेडवेट, आणि तोही कल्पना येईल अशा रूपात. सत्तावन्न हजार टनांचं जहाज म्हणजे पाच होल्ड, तीस-तीस टनांच्या चार क्रेन, एकशे नव्वद मीटर लांबी आणि एका फेरीत सुमारे पंचावन्न हजार टन कोळसा. वीस टनांचा एक ट्रक धरला तर पावणेतीन हजार ट्रक. हा हिशेब केला तेव्हा दाजींनी मान वर केली. गोदामातल्या माणसाला ट्रकची भाषा कळते.

पण आकार म्हणजे अनुभव नव्हे. जहाजाच्या प्रकाराने माणसाला काय शिकवलं, ते लिहायचं असतं. टँकरवरच्या अधिकाऱ्याने तेल कंपन्यांच्या तपासणीला आयुष्यभर तोंड दिलेलं असतं. १९९३ पासून चालत आलेली सायर तपासणी आणि २०२४ मध्ये आलेली तिची नवी आवृत्ती म्हणजे बाहेरच्या परीक्षकासमोर कागद, यंत्र आणि माणूस तिन्ही खरे उतरवणं. पीरपावच्या रसायनांच्या जेट्टीवर, जवाहर द्वीपाच्या तेल टर्मिनलवर किंवा कुठल्याही टँक फार्मवर हेच कौशल्य लागतं. कंटेनर जहाजावरच्याने जागेची मांडणी, रीफरचं तापमान आणि धोकादायक मालाचं विलगीकरण केलेलं असतं. न्हावा शेव्याच्या टर्मिनलचं नियोजन त्याला परकं नाही. वायुवाहू जहाजावरच्याला दाभोळच्या एलएनजी टर्मिनलची भाषा येते. बल्कवरच्याला धरमतर, जयगड अशा ठिकाणी उतरणारा कोळसा आणि लोहखनिज ओळखीचं असतं. आपला प्रकार आपल्याला कुठे नेतो हे ठरवून मगच अर्ज करावा. सगळीकडे एकच सीव्ही पाठवला की तो कुठेच कोणाचा राहत नाही.

आमच्या चीफ ऑफिसरच्या सीव्हीत मालाबद्दल एकच ओळ होती: माल चढवणे, उतरवणे, बॅलास्ट आणि ड्राफ्ट सर्व्हे. मी त्याला म्हटलं, एक फेरी सांग, जशी घडली तशी. त्याने सांगितली ती पावसाळ्यातली, खाडीतल्या एका बंदराची.

जहाजात ५४,६०० टन कोळसा होता, बिल ऑफ लेडिंगवर तोच आकडा. बंदरात पोहोचल्यावर ड्राफ्ट सर्व्हे झाला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एवढा माल कुठल्याही काट्यावर एकदम तोलता येत नाही, म्हणून जहाजालाच तराजू करतात. पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंना, असे सहा ठिकाणी जहाज पाण्यात किती बुडालं आहे ते वाचतात. त्यावरून जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजे जहाजाचं एकूण वजन, निघतं. त्यातून रिकाम्या जहाजाचं वजन, इंधन, पाणी, बॅलास्ट वजा केलं की माल उरतो. या आकाराच्या जहाजाला ड्राफ्टचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे सत्तावन्न टन. लाटेत आकडा वाचताना एक सेंटिमीटर चुकला तरी तीन ट्रक माल कागदावरून नाहीसा होतो.

त्या दिवशी सर्व्हेयरच्या हिशेबात चारशे टन कमी भरले. माल घेणाऱ्याने तूट नोंदवायची तयारी केली. चीफ ऑफिसरने सहा ड्राफ्ट पुन्हा वाचले, ते बरोबर होते. टाक्यांची मापं पुन्हा घेतली, तीही जुळली. मग त्याने पाण्याच्या घनतेकडे पाहिलं. नमुना पृष्ठभागावरून घेतलेला होता, ओहोटीच्या वेळी, दोन दिवसांच्या पावसानंतर. वरचा थर गोड्या पाण्याचा, घनता १.०१८. त्याने सर्व्हेयरला बरोबर घेऊन जहाजाच्या दोन्ही बाजूंना, ड्राफ्टच्या निम्म्या खोलीवरून नमुने घ्यायला लावले. सरासरी आली १.०२३. ड्राफ्ट तोच असेल तर दाट पाण्यात जहाजाचं वजन जास्त निघतं. सहासष्ट हजार टनांच्या एकूण वजनावर एवढ्याशा फरकाने सुमारे ३२० टन परत मिळाले. उरलेली तूट ऐंशी टनांच्या आत, म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी. ड्राफ्ट सर्व्हेची अचूकता व्यवहारात अर्ध्या टक्क्यापर्यंत मानतात, त्यामुळे दावा तिथेच थांबला. कोळसा टनाला आठ हजार रुपये धरला तर ३२० टन म्हणजे साडेपंचवीस लाखांच्या वर.

दाजी हे ऐकून म्हणाले, "अरे, हे तर आमचं स्टॉक रीकन्सिलिएशन. आम्ही महिन्याच्या शेवटी हेच करतो. तू हे लिहिलं का नाहीस?"

त्याने लिहिलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी ते रोजचं काम होतं. त्या रात्री आम्ही ती ओळ बदलली. नवी ओळ मराठीत अशी होते: एका फेरीत पन्नास ते पंचावन्न हजार टन मालाची मोजणी आणि जुळवणी, तफावतीचं कारण शोधून ती अर्ध्या टक्क्याच्या आत आणणे, माल घेणारा, सर्व्हेयर आणि बंदर यांच्यासमोर आकडा सिद्ध करणे. सीव्ही अर्थातच इंग्रजीत गेला. पण ओळ आधी मराठीत, घरातल्या माणसाला कळेल अशी तयार केली आणि मग भाषांतर केलं. ही पद्धत मी प्रत्येकाला सुचवतो. इंग्रजीत लिहायला बसलं की हात आपोआप जुन्या ड्युटीजच्या साच्यात जातो. दाजींना किंवा मेव्हणीला सांगायचं म्हटलं की माणूस खरी गोष्ट सांगतो.

तिसरा प्रश्न जबाबदारीचा, आणि इथे मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. मी मास्टर म्हणून उतरल्यावर पहिल्या मोठ्या मुलाखतीत अभिमानाने म्हणालो होतो की जहाजाची संपूर्ण जबाबदारी माझी होती. समोरच्याने शांतपणे विचारलं, "तुमची खर्च मंजुरीची मर्यादा किती होती?" मी अडखळलो. खरं उत्तर असं होतं की फारच थोडी. किरकोळ रोख, खलाशांसाठीच्या वस्तू, बंदरातल्या छोट्या गरजा. सुट्या भागांची मागणी सुपरइंटेंडंटकडे जायची, ड्राय-डॉकचं अंदाजपत्रक कचेरीत बनायचं, माणसं कोण येणार ते कचेरी ठरवायची. मी "पूर्ण अधिकार होता" असं काहीतरी म्हणालो. त्याने दुसरा प्रश्न विचारलाच नाही. ती नोकरी मला मिळाली नाही आणि ते योग्यच झालं.

बरेच मास्टर या ठिकाणी घसरतात. जहाज तरंगती कंपनी आहे आणि मास्टर तिचा प्रमुख, हे वाक्य ऐकायला छान आहे पण खरं नाही. नफ्या-तोट्याचं खातं मास्टरकडे नसतं. माल कुठून कुठे न्यायचा, भाडं किती, हे तो ठरवत नाही. ज्याने आयुष्यभर नफ्या-तोट्याचं खातं सांभाळलं आहे त्याला ही फुगवणी एका प्रश्नात कळते.

मग मास्टरकडे नेमकं काय असतं? त्याचं उत्तर आयएसएम कोडच्या पाचव्या कलमात आहे. सुरक्षा आणि प्रदूषण यांबाबतीत निर्णय घेण्याचा अंतिम, सर्वोपरी अधिकार मास्टरचा, असं कंपनीने स्वतःच्या व्यवस्थेत लेखी नमूद करावंच लागतं. म्हणजे पैसे मंजूर करायचा अधिकार थोडा, पण जोखीम पाहून काम थांबवायचा अधिकार पूर्ण. किनाऱ्यावरच्या फार थोड्या व्यवस्थापकांकडे एवढा अधिकार असतो, आणि तो पैशांत मांडता येतो.

फिलिपाइन्सच्या पूर्वेला एकदा वादळाचा अंदाज बदलला. ठरलेला मार्ग त्याच्या फार जवळून जात होता. मी दक्षिणेकडून वळसा घेतला, तीनशे सागरी मैलांचा. साडेबारा नॉट वेगाने तो बरोबर चोवीस तासांचा होतो. जहाज टाइम चार्टरवर होतं, म्हणजे वेळ आणि इंधन दोन्ही भाडेकरूच्या खिशातून. दिवसाला अठ्ठावीस टन इंधन, टनाला सहाशे डॉलर धरले तर १६,८०० डॉलर. दिवसाचं भाडं चौदा हजार धरलं तर एकूण ३०,८०० डॉलर. भाडेकरूकडून लगेच विचारणा आली. मी हवामानाचे दोन्ही अंदाज, त्यांच्या वेळा, बदललेला मार्ग आणि कारण, हे सगळं त्याच दिवशी लॉगबुकात आणि नून रिपोर्टमध्ये नोंदवलं होतं. उत्तरादाखल तेच पाठवलं आणि विषय संपला.

पुढच्या मुलाखतीत मला पुन्हा तोच मंजुरीच्या मर्यादेचा प्रश्न आला. या वेळी मी म्हणालो, "खर्चाची मर्यादा थोडी होती. पण एका निर्णयाने ग्राहकाचे तीस हजार डॉलर खर्च करायला लावायचा अधिकार माझा होता. तो मी वापरला आणि कागदावर सिद्धही करून दाखवला." त्यानंतर आम्ही अर्धा तास बोललो. कमांडचं किनाऱ्यावरचं रूप हेच. अपुऱ्या माहितीवर वेळेत निर्णय घेणं, ग्राहकाचा दबाव असताना तो टिकवणं आणि नंतर तपासणाऱ्याला दिसेल अशी नोंद ठेवणं.

माणसांच्या आकड्याबाबतही हाच प्रामाणिकपणा हवा. बावीस जणांच्या जहाजावर मास्टरकडे थेट उत्तर देणारे चार-पाचच असतात, बाकीचे त्यांच्यामार्फत. निवड आपण करत नाही, पण मूल्यमापनाचा अहवाल आपण लिहितो, विश्रांतीचे तास आपण सांभाळतो आणि चार देशांची माणसं सहा महिने एका छताखाली आपण चालवतो. "बावीस जणांचं नेतृत्व" असं नुसतं लिहिण्यापेक्षा यांतलं काय आपलं होतं आणि काय नव्हतं ते लिहिलं की वाचणारा विश्वास ठेवतो.

इथे एक मर्यादा ठामपणे सांगतो. आपले आकडे सिद्ध करायचे म्हणून चार्टर पार्टी, ग्राहकांचे पत्रव्यवहार किंवा तपासणीचे अहवाल पेन ड्राइव्हवर भरून आणू नयेत. ते कागद कंपनीचे आहेत आणि नव्या कचेरीत ते दाखवणाऱ्या माणसावर नवी कचेरीही भरवसा ठेवत नाही. उतरण्याआधी स्वतःच्या वहीत स्वतःच्या कामाचे आकडे लिहून घ्यावेत: किती वेळा माल चढवला-उतरवला, मोठी तफावत किती वेळा, तपासणीत किती शेरे आले आणि किती दिवसांत मिटले. बोटीचं आणि ग्राहकाचं नाव नको. घरी परतल्यावर सहा महिन्यांनी हे आठवत नाही, म्हणून ही वही शेवटच्या करारात सुरू करावी.

दोन व्यावहारिक गोष्टी पुस्तिकेत सविस्तर आहेत, इथे फक्त निर्देश करतो. पगाराची तुलना महिन्याची महिन्याशी करू नये. बोटीवर अनेकांना फक्त चढलेल्या महिन्यांचा पगार मिळतो, म्हणून वर्षाची रक्कम काढून तिला बाराने भागावं. त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावं की परदेशात दिवस भरत असल्यामुळे जो करातून सुटत होता तो पगार आता करपात्र होईल. दोन्ही करून आलेला आकडा बायकोसमोर मांडावा आणि मगच निर्णय घ्यावा. दुसरं, सीओसी. नूतनीकरणासाठी पाच वर्षांत बारा महिने, किंवा शेवटच्या सहा महिन्यांत तीन महिने सी-टाइम, हा एसटीसीडब्ल्यूचा सामान्य नियम. किनाऱ्यावरची काही कामं समकक्ष धरली जातात, पण कोणती ते नौवहन महासंचालनालयाच्या कांजुरमार्गच्या कचेरीत आधी विचारून घ्यावं. किनाऱ्यावर पाय रोवेपर्यंत परतीचा दरवाजा उघडा ठेवणं शहाणपणाचं.

आमच्या चीफ ऑफिसरच्या सात पानांची दोन पानं झाली. कोर्सची यादी एका ओळीत आली. अर्ज वीसऐवजी चार गेले, चारही बल्क माल हाताळणाऱ्या ठिकाणी. एका मुलाखतीत त्याला विचारलं, साठ्यात तूट दिसली तर आधी काय पाहाल? तो म्हणाला, आधी मोजायचं साधन, मग मोजायची वेळ, मग माणूस. ती नोकरी त्याला मिळाली. मागची दोन वर्षं तो त्याच जागेवर आहे, आधीच्या हुद्द्यापेक्षा एक पायरी खाली लागला होता आणि ते त्याने जाणूनबुजून स्वीकारलं होतं. आठवड्यातून दोनदा तो जेट्टीवर जातो आणि ट्रकच्या काट्याचा आकडा जहाजाच्या आकड्याशी जुळवतो. बाकी दिवस रात्री घरी असतो.

या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर फारसा छापील मजकूर नाही. तिथे फक्त दाजींचे तीन प्रश्न आहेत आणि प्रत्येकाखाली मोकळी जागा. किती काळ काम केलं, कशावर केलं, आणि चुकलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं. आधी ते पान भरा, पेन्सिलने, मराठीत. मग ज्याला बोटीचं काहीच ठाऊक नाही अशा घरातल्या माणसाला वाचायला द्या. त्याने पुन्हा एकही "म्हणजे?" विचारला नाही, की मग इंग्रजीत लिहायला बसा.

बाळकुम, ठाणे